तीन याद्या आणि बबिता

राळेगावात मारोतराव बोलायला उभे राहिले की शहाणी माणसं आधी खुर्ची शोधत. शाळेत बत्तीस वर्षं बाबूगिरी केली, पण निरोप समारंभाची भाषणं सगळ्या गुरुजींना तेच लिहून देत. 'उत्तुंग भरारी'वाचून त्यांचा एक परिच्छेद संपत नसे. मुख्याध्यापक सेवानिवृत्त झाले तेव्हाही ते भरारीच घेत होते, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असताना.

अशा माणसाच्या हाती तालुक्यातल्या एका लहान संस्थेनं दर सोमवारी मोबाईलवर पाठवायचा धीराचा संदेश दिला. याद्या तीन होत्या, आणि नाव नोंदवताना त्या सगळ्यांना सांगितल्याही जात. नववी-दहावीची मुलं, नवे आई-बाप आणि पेन्शनर मंडळी. संदेश प्रत्येकाला वेगळा पोचे आणि उत्तर थेट मारोतरावांकडे येई.

पहिल्या सोमवारी त्यांनी एकच भरारी तिन्ही याद्यांना सोडली. मुलांनी हसणारे चेहरे पाठवले. पेन्शनरांनी उलट त्याहून लांब सुविचार धाडले. आई-बापांपैकी कुणी संदेश उघडलाही नाही.

संस्थेच्या संगीताताईंनी मग त्यांना समोर बसवून समजावलं. सांगायचं एकच, की मनावरचं ओझं एकट्यानं वाहू नका, कुणाशी तरी बोला. पण शब्द आणि जोर ज्याचा त्याचा हवा.

मारोतराव कामाला लागले. घरची परीक्षक म्हणजे बायको, विमलताई. तूर निवडता निवडता ती ऐके आणि खड्यासारखे शब्द बाजूला काढी. मुलांसाठी 'यश' आणि 'ध्येय' गेले. उरलं ते असं: 'सगळं जमतंय असं दाखवायची गरज नाही. एकाला तरी सांग, आज बरं वाटत नाही.' पेन्शनरांच्या संदेशातल्या 'उतारवया'वर ती थांबली.

"हे वाचून मानूस पह्यले बीपीची गोळी घेईन," ती म्हणाली.

तिथे मग आलं: 'आजवर लोक तुमच्याकडे विचारायला आले. आज तुम्ही एखाद्याला फोन करा. काम नसलं तरी चालेल.'

आई-बापांचा संदेश सगळ्यात आखूड केला, कारण वाचणाऱ्याचा एकच हात मोकळा असतो. 'बाळ रडतंय म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नाही. दहा मिनिटं बाळ दुसऱ्याच्या मांडीवर द्या. चहा गरम असताना प्या.'

हा मारोतरावांना फार आवडला. सोमवारी तिन्ही संदेश गेले. मुलांनी हसणं सोडून उत्तरं लिहिली. मारोतराव चष्मा पुसत वाचत होते, तेवढ्यात आई-बापांच्या यादीतल्या, तांड्यावरच्या बबिताचं उत्तर आलं.

'काका, माझी मुलगी नवव्या दिवशी गेली. तुमच्या तीन याद्यांमधली माझी कोणती?'

आई-बापांची यादी गरोदरपणी नोंदवलेल्या नावांवरून केलेली. बाळंतपणानंतर काय झालं, हे कुणी पुन्हा विचारलं नव्हतं. मारोतरावांनीही नाही. त्यांनी फोन केला तेव्हा संगीताताईंनी लगेच यादीतून बबिताचं नाव कमी केलं, तिच्याकडे उद्याच जाते म्हणाल्या. पण विचारलं होतं मारोतरावांना, म्हणून उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

ते चौथा संदेश लिहायला बसले. 'काळ हे औषध' लिहून खोडलं. 'तुम्ही अजून तरुण आहात' लिहिलं, तेही खोडलं. तीन चहा गार झाले. चौथा कागद विमलताईनं हातातून काढून घेतला.

"काहून शिकवून राह्यले तिले? विचारा तिले काई."

"काय विचारू?"

विमलताईनं तुरीतून बोटं फिरवली. "पोरीचं नाव काय ठेवनार होती, ते विचारा. बारशाआधी गेलं लेकरू तर कोनी नाव नाही विचारत. आपल्या वक्ती मले कोनं विचारलं होतं?"

एकेचाळीस वर्षांपूर्वी त्यांचंही एक मूल असंच गेलं होतं. मारोतराव तेव्हा तिसऱ्या दिवशी शाळेत हजर झाले होते आणि कुणाच्या तरी निरोपाचं भाषण लिहून दिलं होतं.

त्यांनी लिहिलं: 'बबिता, चूक माझी झाली. मुलीचं नाव काय ठेवणार होतीस?'

उत्तर यायला दुपार झाली. 'नयना. काका, हे अजून कोणी विचारलं नव्हतं.' मागोमाग दुसरं आलं: 'तिचे डोळे मोठे होते.' मग तिसरं, चौथं. केस किती होते, मूठ कशी घट्ट आवळायची. मारोतराव एकेक मोठ्यानं वाचत गेले आणि विमलताई ऐकत गेली. सल्ला द्यायची जागा कुठे सापडली नाही, त्यांनी शोधलीही नाही.

संदेश थांबले तेव्हा फोन पालथा ठेवून ते तिच्याजवळ खाली बसले.

"तू काय ठेवनार होती?" त्यांनी विचारलं.

"आता विचारून राह्यले," ती म्हणाली. सूप बाजूला सारून तिनं पदरानं हात पुसले, आणि नाव सांगितलं.