'कायम' हा एक शब्द

आमच्या आयटीआयच्या माजी विद्यार्थी मंडळाची मी चिटणीस. कंपनीत मी कागदपत्रं सांभाळते. खाडाखोड दिसली की शेजारी सही कुणाची, हे विचारायचा मला पगार मिळतो. त्यामुळे पत्र लिहायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, आणि मीही जरा भाव खाऊन हो म्हणते.

त्या वर्षी वार्षिक सभा गुरुवारी ठरली होती, कारण आमच्या चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. नोंदणी झाली, टोकनं वाटून झाली, हॉल भरला म्हणून प्रतीक्षा यादीही लागली. मग बऱ्याच कंपन्यांनी सणाच्या सुट्टीची भरपाई म्हणून नेमका तोच गुरुवार कामाचा केला. सभा पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी पत्र लिहिलं. सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी. पुन्हा फॉर्म भरू नये, जुनं टोकन चालेल. ज्यांना जमणार नाही त्यांनी आठवड्याच्या आत कळवावं, म्हणजे त्यांची जागा प्रतीक्षा यादीतल्यांना क्रमाने देता येईल. आणि मधोमध माझं लाडकं वाक्य: 'ज्यांनी नोंदणी केली आहे, त्यांची नोंदणी कायम राहील.' स्वतःवर खूश होऊन मी पत्र ग्रुपवर टाकलं.

दुपारपर्यंत फोनला उसंत नाही. एकाने विचारलं, म्हणजे आता दरवर्षी नोंदणी नको ना? दुसऱ्याला आजीव सभासद झाल्याचा आनंद झाला होता. प्रतीक्षा यादीतला एक जण रुसला, "आमाला इथं पण टेम्पररीच ठेवलं का, ताई?" चाकणमध्ये 'कायम' म्हणजे पर्मनंट नोकरी, आणि तो शब्द किती जपून वापरायचा असतो, हे मी कागदांच्या नादात विसरले होते.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. निवृत्त फोरमन, चाकणच्या जुन्या गावातले. मी त्यांना मनातल्या मनात वैतागून बरंच काही म्हणते.

"चिटणीसबाई, ह्यो कायम कशाला घातला? आपण काय भरती काढलीय का?"

"भाऊ, मराठीत तसंच म्हणतात."

"म्हणत असतील. शुद्धिपत्रक काढा."

मला राग आला. चूक माझी होती म्हणून जास्तच आला. तरी लिहायला बसले: 'कायम राहील' याऐवजी 'या सभेपुरती ग्राह्य राहील' असे वाचावे. पाठवणार तेवढ्यात कुरुळीहून एका सभासदाचा फोन आला. वेल्डर, माझ्याच बॅचचा, अकरा वर्षं कंत्राटावर. दर काही महिन्यांनी ठेकेदार ब्रेक देतो, म्हणजे कामावरून कमी करतो, आणि मग पुन्हा नव्याने घेतो.

"ताई, नवी तारीख मला झकास आहे. तेव्हा मी ब्रेकवरच असेन, सुट्टी मागायला नको."

मी हसले. तोही हसला. मग म्हणाला, "पत्राची प्रिंट काढून घरी लावलीय. बायकोला म्हटलं, बघ, झालो कायम. पोरगी विचारत होती, खरंच का. ते बदलणार आहात असं ऐकलं."

मी म्हटलं, "बदलावं लागेल रे."

"बदला की. नियम तो नियम," तो म्हणाला आणि फोन लगेच ठेवला. मला वाईट वाटलं. शुद्धिपत्रक पाठवलं आणि स्वतःवरच चिडून जेवले नाही.

सभेच्या दिवशी मी दारापाशी यादी घेऊन बसले होते. नाव, टोकन, नोंदणी, सही. तिसऱ्या रकान्यात सगळ्यांपुढे 'ग्राह्य' छापलेलं. एका ओळीत मात्र मी पेनाने तो शब्द खोडून वर 'कायम' लिहिलं होतं. कंपनीत असं कुणी केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

वेल्डर इस्त्रीचा शर्ट घालून आला, टोकन दाखवलं आणि सही करायला वाकला. वाकलेलाच राहिला. तेवढ्यात मागून अध्यक्ष आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ओळीवर बोट ठेवलं. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी उत्तर जुळवायला लागले.

"बाई, हे खोडलंय कुणी?"

"मी."

"मग शेजारी सही कुठाय? अशी खाडाखोड चालत न्हाई."

मी पेन उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, 'कायम'शेजारी स्वतःची सही केली, पदासकट, आणि आत निघून गेले.

वेल्डरने खिशातून मोबाईल काढला. "ताई, एक फोटो काढू का? पोरीला दाखवतो. आता सहीपण झालीय."

मी यादी त्याच्याकडे फिरवून धरली.