पॉलिसीचं दुसरं पान

वारा सकाळपासून पिसाळल्यासारखा सुटला होता. शटर अर्धंच वर करून दोरेवाल्या वहिनी रिळांवरची धूळ ओल्या फडक्यानं टिपत होत्या. टिपायची, पुसायची नाही. पुसली की पांढऱ्या दोऱ्यावर करडा पट्टा उमटतो आणि मग ते रीळ शिंप्याच्या गळ्यात मारायला अर्धा तास तोंड चालवावं लागतं.

सव्वीस वर्षांपूर्वी सायकलच्या कॅरियरला पिशवी बांधून वहिनी शिंप्यांच्या दारोदार दोरा विकायच्या. आता दुकान होतं, दोरा, बटणं, चेन, अस्तर, सगळं होतं. कापडाचा तुकडा नुसता बोटांत धरला की जुळणाऱ्या दोऱ्याचा नंबर त्या न बघता सांगत. कागदापुढे मात्र त्यांचं अवसान गळायचं. दुकानाचे सगळे कागद त्यांनी शर्टाच्या एका रिकाम्या खोक्यात कोंबले होते, आणि कुणी काही मागितलं की पहिल्या पानाची झेरॉक्स काढून द्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता. "पहिल्या पानावर नाव असतं, शिक्का असतो. पुढं नुसता बारीक अक्षरांचा कंटाळा," असं त्या म्हणत.

बँकेचं पत्र मंगळवारीच आलं होतं. दुकानातल्या मालावर बँकेनं त्यांना उचल दिली होती. माल वहिनींच्या ताब्यात, विकायची मोकळीक, पण नजरगहाण बँकेकडे. त्या उचलीची मुदत शुक्रवारी संपत होती. नूतनीकरणाआधी मालाच्या विम्याचा पुरावा द्या, असं पत्रात होतं. दोऱ्याच्या गिरणीला दिलेला वहिनींचा चेक शनिवारी बँकेत लागणार होता. उचल थांबली तर तो परत जाणार, आणि गिरणीवाला एकदा उलटलेल्या चेकला जन्मभर विसरत नसे.

बुधवारी दुपारी त्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊन बँकेत गेल्या. कर्जाच्या टेबलावर यंदा नवी बाई होती. चष्मा कपाळावर, आवाज मऊ.

"मावशी, बाकीची पानं?"

"दरवर्षी एवढंच देते की."

"दरवर्षीचं मला माहीत नाही. पूर्ण पॉलिसी दाखवा."

पिशवीतून मूळ पॉलिसी निघाली. बाईनं एकेक ओळ बोट फिरवत वाचली. मुदत अजून आठ महिने होती. बँकेचं नाव होतं. रक्कमही मालाला पुरून उरत होती. वहिनींना जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या पानावर बोट थांबलं.

"मालाची जागा म्हणून इथं फक्त दुकानाचा पत्ता आहे. तुमच्या गेल्या महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये निम्मा माल मागच्या गल्लीतल्या गोदामात आहे."

"हो. पाच महिने झाले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती."

"विमा कंपनीला कळवलंत?"

वहिनींनी शिंप्यांना कळवलं होतं, हमालाला कळवलं होतं, अगदी पेपरवाल्यालाही कळवलं होतं.

"म्हणजे आज गोदामाला आग लागली, तर कंपनी म्हणेल, त्या पत्त्याशी आमचा संबंध नाही. निम्म्या मालाला आत्ता काहीच संरक्षण नाही, मावशी. असा प्रस्ताव मी मॅनेजरसाहेबांपुढं ठेवूच शकत नाही."

बँकेबाहेर वारा तसाच उधळलेला. वहिनींना एकदम गोदामातली लोंबती वायर आठवली. खाली अस्तराचे गठ्ठे, वर ती वायर. पाच महिने त्या निवांत झोपल्या होत्या, आता उभ्या जागीच त्यांनी फोन लावला.

विम्याच्या एजंटाला बाजारात सगळे 'उद्या' म्हणत. त्यानं फोन उचलला. "जागा जोडून देतो की वहिनी. पण आधी कंपनीचा माणूस गोदाम बघणार. तो सोमवारी येईल."

"शुक्रवारी मुदत संपते रे!"

"मागची तारीख टाकून मिळत नसते. माझ्या हातात असतं तर उद्याच केलं असतं."

संध्याकाळी नणंद आली. दोघींचं भांडणही गोड आणि सल्लेही धारदार. सगळं ऐकून ती म्हणाली, "एवढं रडतेस कशाला? नवं स्टेटमेंट दे. गोदाम खोड, सगळा माल दुकानात दाखव. कोण मोजायला येतंय?"

"ती चष्मेवाली येईल."

"आली तर चहा पाज."

वहिनींनी खरंच कोरा फॉर्म पुढे ओढला. गोदामाच्या रकान्यात शून्य लिहिलं. पेन तिथंच थबकलं. खोटं सापडेल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी वेगळी होती. शून्य लिहिल्यानं ती वायर काही जागची हलणार नव्हती.

"दाखवायचा कशाला?" त्या एकदम म्हणाल्या. "आणतेच सगळा."

"काय आणतेस?"

"माल. पॉलिसीत दुकान आहे ना? मग सगळा माल दुकानात. चाललीस कुठं, पदर खोच."

गुरुवारी दुकान बंद ठेवलं. हमाल, त्याची हातगाडी, वहिनी आणि नणंद. खोकी छतापर्यंत चढली. काउंटरवर अस्तराचे गठ्ठे, स्टुलावर चेनच्या पिशव्या. नणंद दर फेरीला म्हणे, "तुझी कागदं खोक्यात, आता तूही खोक्यात." एका खेपेला गाडी खड्ड्यात आपटली आणि बटणांचे तीन डबे फुटले. कुणाला निवडायला वेळ होता? सगळी बटणं एका गोणीत भरली. अंधार पडायच्या आत गोदामात फक्त झाडू उरला.

तेव्हा वहिनींनी स्टेटमेंट पुरं केलं. शून्याची आता भीती वाटत नव्हती, पण झोपही लागली नाही. बाई म्हणाली, हे असलं जुगाड चालत नाही, तर? मॅनेजर रजेवर असला तर?

शुक्रवारी बँक उघडताच वहिनींनी स्टेटमेंट नेऊन दिलं, आणि तासाभरात बाई पाहणीला आली. दारातच थबकली. आत जायला एक वाट होती, तीही आडवं होऊन.

"मावशी, हे काय?"

"तुमचा दुकानाचा पत्ता."

बाई हसली नाही. तिरकी होत आत शिरली, खोकी मोजली, दोन उघडायला लावली, यादीशी ताडून पाहिली. मग म्हणाली, "गोदाम उघडून दाखवा." रिकामं गोदाम पाहिलं, मान वर करून वायरही पाहिली.

"कंपनीचं जागा जोडल्याचं पत्र येईपर्यंत इथं एक रीळ ठेवायचं नाही. तसं लिहून द्या. आणि आधी ही वायर नीट करून घ्या, नाहीतर सोमवारी त्यांचा माणूस आल्या पावली परत जाईल."

"आणि नूतनीकरण?"

"प्रस्ताव ठेवते. सही साहेबांची."

दुपारी एकपासून वहिनी बँकेच्या बाकावर बसून होत्या. केबिनचं दार उघडलं की अर्ध्या उठायच्या, बंद झालं की बसायच्या. पावणेचारला बाईनं हाक मारली आणि कागदांची चळत पुढे सरकवली.

"झालं. खुणा केल्यात तिथं सह्या करा."

वहिनींनी पेन घेतलं. मग ते खाली ठेवलं.

"आधी वाचते," त्या म्हणाल्या. "सगळी पानं."

"बँक पाचला बंद होते हो मावशी."

"पहिल्यांदाच वाचतेय. वेळ लागणार."

सगळं वाचून, सह्या करून वहिनी दुकानात परतल्या तेव्हा नणंद खोक्यांच्या खिंडीत अडकून बसली होती. "झालं?" तिनं विचारलं. वहिनींनी मान डोलावली, पाणी प्यायल्या. मग गोणीचं तोंड सोडून त्यांनी जमिनीवर चादर पसरली, बटणं ओतली आणि चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची एकीकडे निवडायला घेतली.