एक मिनिट वीस सेकंद

ढुंढिराज गर्गे सरांनी नाशकात पंचवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी एका वाक्यावर काढली: "सुटं झालं की स्वतंत्र!" दोन चलांच्या घनतेचे, म्हणजे संभाव्यतेच्या सूत्राचे, दोन सुटे तुकडे पडले, एकात फक्त x, दुसऱ्यात फक्त y, की चलं एकमेकांपासून स्वतंत्र. पोरं वाक्य घोकायची आणि सर मिशीत हसायचे. वाक्य स्वतःचं असलं की माणसाला जरा जास्तच खरं वाटतं.

अठ्ठ्याहत्तर साली निवड परीक्षेचा पेपर त्यांनीच काढला. या परीक्षेत नापास झालेल्याला विद्यापीठाचा फॉर्म भरता येत नसे. प्रश्न एसटीचा होता. नऊ ते दहा हा एक तास म्हणजे शून्य ते एक. पहिली गाडी x ला येते, दुसरी तिच्यानंतर y ला, आणि घनता 8xy. पहिली साडेनऊला आली, तर दुसरी पावणेदहानंतर येण्याची संभाव्यता किती? आणि ती सरासरी किती वाजता येईल?

सरांच्या मते 8xy सुटं झालं, म्हणजे गाड्या स्वतंत्र, पहिली कधी का येईना. दुसरीची सरासरी चार पंचमांश तास, नऊ अठ्ठेचाळीस.

सहादू पगारेनं वेगळं लिहिलं. पोरगा नांदगावकडचा, वसतिगृहात राहून शिकणारा. त्यानं आधी चौकोन काढून त्यातला अर्धा त्रिकोण रेघांनी भरला, कारण y नेहमी x पेक्षा मोठा. मग x ची एकट्याची घनता काढून तिनं 8xy ला भागलं. पहिली साडेनऊला आली असेल, तर दुसरीची घनता 8y/3, पण फक्त अर्ध्यापासून एकपर्यंत. पावणेदहानंतरची संभाव्यता सात द्वादशांश. सरासरी सात नवमांश तास, म्हणजे नऊ सेहेचाळीस आणि चाळीस सेकंद.

फरक एक मिनिट वीस सेकंदांचा. सरांनी दोन्ही पोटप्रश्नांवर लाल पेन्सिलीनं शून्यं काढली आणि शेजारी नऊ अठ्ठेचाळीस लिहिलं. सहादूला एकतीस मिळाले, हवे होते पस्तीस. त्या शून्यांत नऊ गुण गेले होते.

तो स्टाफरूममध्ये आला, कपाळाला आठी घालून दाराशीच उभा राहिला. "सर, एक विचारू? पहिली गाडी नऊ पंचावन्नला आली, तरी दुसरी अठ्ठेचाळीसलाच कशी येईल?"

"पगारे," सर चहा ढवळत म्हणाले, "हे गणित आहे, बसस्टँड नाही. सुटं झालं की काय?"

"स्वतंत्र," सहादू म्हणाला आणि गेला. पुढल्या वर्षी तो कॉलेजात दिसला नाही. सरांनी चौकशीही केली नाही.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये सर नाशकातच द्वारकेच्या थांब्यावर ताटकळत होते. नऊ पंचावन्नला पहिली गाडी आली ती खचाखच भरलेली, दारात लोक लोंबकळताहेत. शेजारच्या भाजीवाल्या नवसाबाईंना सर सहज म्हणाले, "जाऊ द्या, मागून दुसरी येईल."

"मग काय, हिच्या मागूनच यील ना!" बाई हसली. "आधी येऊन गेली असती तर तिला दुसरी कोण म्हनलं असतं?"

पिशवीतलं पोस्टाचं पाकीट उलटं करून सरांनी चौकोन काढला, त्यात त्रिकोण. सूत्र सुटं होतं, पण त्रिकोण सुटा नव्हता. पहिली जितकी उशिरा, तितकी दुसरीची जागा आकसत जाणार. भाजीवालीला कळतं ते त्यांना कळलं नव्हतं, आणि ज्याला कळलं होतं त्याला त्यांनी नापास केलं होतं. तोंड दाखवायला जागा उरली नाही असं त्यांना वाटलं, आणि ते अगदी खरं होतं.

जुन्या वसतिगृहात विचारत विचारत पत्ता लागला. सहादू एसटीत कंडक्टर झाला होता, नांदगावच्या गाडीवर. तिसऱ्या दिवशी सर त्या गाडीत चढले. सहादूच्या अंगात खाकी शर्ट, कानामागे पेन्सिल, कपाळावर तेव्हाचीच आठी.

"नमस्कार सर! कुठवर?"

सरांनी पाकीट पुढे केलं. "सात नवमांश बरोबर होतं, सहादू. चूक माझी होती. तुझं वर्ष मी घालवलं."

सहादूनं त्रिकोण बघितला. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. "नुसतं वर्ष नाही सर. फॉर्म अडला तशी वडलांनी गावाला बोलावून घेतलं. मग झालंच."

"तुला ठाऊक होतं तुझं बरोबर आहे. मग तेव्हा बोलला का नाहीस रे?"

सहादूनं पंचनं तिकिटाला भोक पाडलं आणि ते सरांच्या हातात ठेवलं.

"बोललो होतो सर," तो म्हणाला. आणि पुढच्या सीटवाल्याकडे वळला.