गिळताना वर जाणारी गाठ

आईच्या गळ्यावरची गाठ पहिल्यांदा मी पाहिली. ती बशीतून चहा पिते, शेवटचा घोट घेताना मान मागे टाकते. त्या दिवशी घोट गिळताना गळ्याच्या खालच्या भागात, मधल्या खाचेच्या जरा उजवीकडे, सुपारीएवढं काहीतरी वर सरकलं आणि परत खाली आलं. मी पाहत राहिले. बोलले नाही. पुढे महिनाभर रोज सकाळी मी तिच्या चहाची वाट पाहायचे आणि रोज गप्प बसायचे. दाराआडून, पुस्तकाआडून पाहण्यातच माझा बराचसा वेळ जातो.

मोबाइलवर इंग्रजीतून वाचून मी स्वतःची एक समजूत करून घेतली होती, की गाठ हलते म्हणजे मोकळी आहे, आणि मोकळी आहे म्हणजे साधी. तेवढ्या आधारावर अखेर मी आईला सांगितलं.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "दुखत नाही न. ते जाऊ दे, पाणी भर."

बाबांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही जळगाव जामोदला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर वयाने तरुण होत्या. त्यांनी आईला स्टुलावर बसवलं, पदर बाजूला घ्यायला सांगितला आणि हातात पाण्याचा ग्लास दिला.

"घोट तोंडात धरून ठेवा, मावशी. मी सांगेन तेव्हा गिळा."

आधी त्यांनी समोरून पाहिलं. मग मागे उभं राहून दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली आणि पुन्हा गिळायला लावलं. त्यानंतर म्हणाल्या, "आता जीभ बाहेर काढा."

आई लाजली. "म्याडम, आमच्याकडं जीभ दाखवली त मार भेटे."

डॉक्टर हसल्या. आईने एवढीशी जीभ काढली. गाठ जागची हलली नाही. मग त्यांनी मानेच्या दोन्ही बाजू, जबड्याखाली, गळ्याखालच्या हासळीच्या हाडावर हळूहळू चाचपून पाहिलं. आवाज बसतो का, घास अडकतो का, छाती धडधडते का, घरात कुणाला असं होतं का, हेही विचारलं. सगळ्याला आईचं एकच उत्तर, "नाही."

मग मला समजावून सांगितलं. थायरॉइडची ग्रंथी श्वासनळीला धरून असते, म्हणून गिळताना तिच्याबरोबर वर जाते. मानेतल्या बाकीच्या गाठी, चरबीच्या किंवा क्षयात सुजणाऱ्या, सहसा अशा जात नाहीत. जिभेबरोबर वर सरकली असती, तर मधोमध होणारी पाण्याची पिशवी असू शकली असती. "म्हणजे ही थायरॉइडची आहे. ज्याला आपण गलगंड म्हणतो, त्यातलीच. पण संपूर्ण ग्रंथी वाढलेली नाही, एका बाजूला एकच गाठ हाताला लागते."

"हलते म्हणजे साधी असते ना?" मी विचारलं. त्या खोलीतला माझा तो एकच प्रश्न.

"हलते यावरून ती कुठली आहे ते कळतं. कशी आहे ते कळत नाही."

महिनाभर जपलेली माझी समजूत त्या दोन वाक्यांत संपली. त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली आणि गळ्याची सोनोग्राफी. सोनोग्राफीत जसं दिसेल, त्यावरून सुईची तपासणी.

रक्तातलं थायरॉइड बरोबर आलं. सोनोग्राफी मलकापूरला केली. रिपोर्ट इंग्रजीत होता. घरी आल्यावर बाबा, आई आणि मोठी आई, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, माझ्याभोवती बसले. मोठी आई शेजारच्याच घरात राहते आणि आमच्या घरातलं कुठलंही दुखणं तिच्या हाताखालून जातं.

"वाच, बेटा," बाबा म्हणाले. "तुह्या शाळेचा उपयोग होऊ दे."

मी वाचलं. उजव्या भागात एक गाठ, भरीव, आजूबाजूच्या भागापेक्षा काळसर, अडीच सेंटिमीटर. पुढच्या ओळीतल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ होता 'संशयास्पद'. मी तिथे थांबले. आई माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "सुईने थोडं पाणी काढून तपासा, असं लिहिलंय. नेहमीचंच असतं."

"नेहमीचंच हाय त सुई काऊन टोचाची?" मोठी आई म्हणाली. "सुई लागली का गाठ पसरते. हे गंडमाळ हाय. माह्या मायनं असे कितीक बसवले."

माझ्याकडे सांगण्यासारखा एक शब्द होता आणि तो मी आत्ताच गिळला होता.

दोन दिवसांनी सकाळी मला दिव्याच्या तेलाचा आणि काहीतरी जळल्याचा वास आला. अंगणात आई मान मागे टाकून बसली होती. मोठी आई सुईला टोचलेला बिबा दिव्यावर धरून त्याचं काळं तेल आईच्या गळ्यावर लावत होती.

"मोठी आई, नको ना," मी म्हणाले. आवाज मलाच ऐकू आला असेल.

"तुमच्या शाळेत बिबा शिकवला काय वो? जाय, च्या मांड."

मी चहा मांडला.

दुसऱ्या दिवशी फोड आले. तिसऱ्या दिवशी गळा लाल, सुजलेला, पाझरणारा. ती गाठ त्या सुजेखाली बुडाली, गिळतानाही दिसेना. आई खाज सहन करत ओला फडका धरून बसायची. मोठी आई म्हणाली, "पाह्य, बसली." पण संध्याकाळी ती स्वतः खोबरेल घेऊन आली आणि कुणाकडे न पाहता बसून राहिली.

सुईच्या तपासणीसाठी आम्ही बुलडाण्याला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पदर बाजूला केला आणि हातमोजे काढून ठेवले.

"हे कुणी केलं?"

"मीच केलं," आई म्हणाली.

"अशा कातडीतून सुई घालता येणार नाही. आत जंतू जातील. आधी हे बरं होऊ द्या." त्यांनी मलम लिहून दिलं आणि तीन आठवड्यांनंतर बोलावलं.

बसमध्ये मी आईला सांगितलं, की रिपोर्टमधला एक शब्द मी वाचलाच नव्हता.

"मले ठाऊक हाय," ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "तू थांबली होतीस. वाचणारं माणूस असं थांबत नाही."

"मग बिबा का लावू दिलास?"

"मले वाटलं, त्यानंच गेली त तुले ते वाचाच लागणार नाही."



तीन आठवड्यांनी गळ्यावर काळे डाग राहिले, सूज उतरली. गाठ होती तिथेच होती. सुई झाली. मुंगी चावल्यासारखी लागली, आई म्हणाली. आठवड्याने रिपोर्ट आला, पुन्हा इंग्रजीत. पुन्हा सगळे बसले. मोठी आई दाराशीच उभी राहिली.

"जसंच्या तसं वाच," आई म्हणाली.

मी एकेक ओळ वाचली आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. पेशी थोड्या वेगळ्या दिसतात. त्यांचा अर्थ निश्चित सांगता येत नाही. लक्षणांशी पडताळून पाहावं, सुईची तपासणी पुन्हा करावी.

"म्हणजे कॅन्सर हाय का नाही?" बाबांनी विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"एवढं इंग्रजी शिकून..." बाबा म्हणाले. मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

पुन्हा सुई काही आठवड्यांनी. तिच्यातही कळलं नाही, तर ग्रंथीचा अर्धा भाग काढून तपासतात, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. तेही मी सगळ्यांना सांगितलं. सगळं सांगितल्यावरही कुणी उठलं नाही.

शेवटी मोठी आईच चहा घेऊन आली.

"पूरं वाचलं न?" आईने विचारलं.

"हो."

"काही ठेवलं नाही न?"

"नाही."

तिने बशी तोंडाला लावली आणि मान मागे टाकली. काळ्या डागांखाली गाठ वर गेली, खाली आली. या वेळी आम्ही तिघंही पाहत होतो.