वन्संच्या पुलावाचा एक कप

प्रेमलावन्सं माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. धानोरीच्या शेतकरी घरातल्या. शेतं गेली, इमारती आल्या, पण वन्संचं बोलणं काही शहरात आलं नाही. खडकीच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी आयुष्यभर स्वयंपाक केला. निवृत्तीनंतर आमच्या विश्रांतवाडीच्या घरी राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या मसाल्याच्या डब्याची जागा बदलली. तो डबा मी अजून शोधते.

त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. बघू कुठवर जमतं.

आमची ऋतुजा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला टाइप वन डायबेटिस आहे, दहावीपासून. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही, म्हणून जेवणात कार्बोहायड्रेट किती हे मोजून ती जेवणाआधी स्वतः इंजेक्शन घेते. तिच्या डॉक्टरांनी हिशेब दिलाय, दहा ग्रॅम कार्ब्सना एक युनिट. कमी घेतलं तर शुगर चढते. जास्त घेतलं तर उतरते, आणि उतरणं जास्त भीतीचं.

वन्संना हे मान्य नाही असं नाही. सगळं मान्य आहे. फक्त, "तोलून मापून जेवतंय का कुणी?" असं दर जेवणाला एकदा म्हणायचं असतं.

रविवारी त्यांचा मटारचा पुलाव असतो. तुपात तमालपत्र, दालचिनी, लवंग, वेलदोडे, शहाजिरे तडतडवून, मग कांदा, मटार, गाजर, फरसबी आणि निथळलेला बासमती. ऋतुजाला तो इतका आवडतो की खाऊच्या पाकिटांवरचे आकडे वाचणारी ही मुलगी पुलावापुढे सगळं विसरते. म्हणून मी एका रविवारी वन्संच्या शेजारी वजनकाटा घेऊन उभी राहिले. त्यांनी मूठ उचलली की मी ती काट्यावर रिकामी करायला लावायची. त्या दिवशी आमच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

तांदूळ तीनशे ग्रॅम, मटार दीडशे, गाजर आणि कांदा शंभर-शंभर, फरसबी पन्नास, तूप तीन मोठे चमचे. खडे मसाले हिशेबात धरायचं कारण नाही, ते ताटाच्या कडेलाच जातात. सगळ्याचे मिळून कार्ब्स दोनशे ऐंशीच्या आसपास, त्यातले दोनशे सदतीस एकट्या तांदळाचे. तयार पुलाव पातेल्याचं वजन वजा जाता बाराशे ग्रॅम भरला. माझ्या मापाच्या कपात तो मोकळा भरला तर दीडशे ग्रॅम बसतो, म्हणजे आठ कप. एका कपात पस्तीस ग्रॅम कार्ब्स, चार ग्रॅम प्रोटीन, साडेपाच ग्रॅम फॅट, दोनशेच्या थोड्या वर कॅलरी. मी ते फ्रिजवर चिकटवलं आणि वन्संना सांगितलं की यापुढे ऋतुजाला याच कपाने वाढा. त्यांनी एका शब्दानेही वाद घातला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुढच्या रविवारी दोन कप, सत्तर ग्रॅम, सात युनिटं. जेवणाआधी शुगर एकशे वीस, नंतर दोनशे ऐंशी. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी आधी मटारावर संशय घेतला, मग तुपावर. तुपात कार्ब्स नसतात, पण त्याने शुगर उशिरा चढते हे मला माहीत होतं. इथे चढत होती ती उशिरा नव्हे, जास्त. साईनाथ, माझा नवरा, म्हणाला की तांदूळ बदल. त्याचा सल्ला नेहमी असाच, दुसऱ्याने अमलात आणायचा.

शेवटी ऋतुजाच म्हणाली की आत्याच्या पुलावाचे कपाला पन्नास धरते. धरले, दोन कपांना दहा युनिटं घेतली, आणि त्या रविवारी शुगर सुरळीत राहिली. वन्संनी माझ्याकडे पाहिलं.

सोमवारी मी उरलेला पुलाव तिच्या डब्यात भरला. तोच कप, दोनदा. तिने कॉलेजात दहा युनिटं घेतली. तासाभराने लॅबमध्ये तिचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, शुगर चोपन्न. मैत्रिणीने फळांचा रस पाजला आणि मला फोन केला. मी रिक्षाने पोहोचेपर्यंत ऋतुजा सावरली होती आणि मी रिक्षाने आले म्हणून चिडली होती.

घरी येऊन मी वन्संना सांगितलं की उद्यापासून ऋतुजाचं ताट मी वाढीन, आणि पुलाव बंद. त्या ओट्याजवळ उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "मग मी हितं कशाला हाय?"

ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण चोपन्न हा आकडा डोक्यातून जाईना.

ऋतुजा मात्र अडून बसली. रविवारचा आणि सोमवारचा पुलाव एकाच पातेल्यातला, तर एकदा पन्नास बरोबर आणि एकदा चूक असं कसं? तिने वन्संना पुलाव करायला लावला आणि मला बाजूला बसवलं. वन्संनी कप भरला, पालथ्या चमच्याने दाबला, पुन्हा भरला, तळव्याने दाबला आणि ताटात पालथा घातला. गोल, घट्ट, कड न मोडलेली मूद. ऋतुजाने ताट उचलून काट्यावर ठेवलं. ताटाचं वजन वजा जाता दोनशे वीस ग्रॅम.

मी कप मोकळा भरून ठेवला. दीडशे.

"अहो वन्सं, कप दाबून भरायचा नसतो," मी म्हणाले.

"मूद दाबल्याबिगर उभी राहती व्हय?"

"मूद कुणी मागितली? एक कप वाढायचा होता."

"वाढला की. तुझाच कप हाय."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तीन आठवडे मी मटाराला दोष देत होते. मी म्हटलं, यापुढे चमच्याने मोकळा वाढा. त्या म्हणाल्या की विस्कटलेला भात त्या भाचीच्या ताटात घालणार नाहीत, त्यापेक्षा धानोरीला जातील. साईनाथ पेपर घेऊन बाल्कनीत गेला.

"आत्या," ऋतुजा म्हणाली, "तू दाब. पण वाटी लहान घे."

"पावण्याला लहान वाटीची मूद घालत्यात व्हय?"

"मी पाहुणी आहे का?"

मग वन्संनी मांडणीवरच्या सगळ्या वाट्या काढल्या आणि एकेक दाबून भरून काट्यावर ठेवायला लागल्या. जिच्यात दाबून दीडशे ग्रॅमच पुलाव बसला ती बाजूला काढली. बाकीच्यांचा पसारा अर्थात मी आवरला.

आज रविवार. वन्संनी त्या वाटीची मूद घातली, काट्यावर ठेवली, दोन मटार उचलून स्वतःच्या तोंडात टाकले आणि पुन्हा आकडा पाहिला. ऋतुजाने दोन मुदींची सात युनिटं घेतली. जेवण संपत आलं तशा त्या तिसरी वाटी भरून तिच्या खुर्चीमागे उभ्या.

मी म्हटलं, पुरे आता.

ऋतुजाने माझ्याकडे न बघता इन्सुलिनचं पेन काढलं, साडेतीनवर फिरवलं, पोटाला टोचलं आणि दहापर्यंत मोजलं. तेवढा वेळ वन्सं वाटी हातात धरून थांबल्या. तिने मान हलवल्यावरच पालथी घातली.

जेवणानंतर शुगर एकशे अठ्ठावन्न आली. मी तो आकडा वन्संना सांगितला, तर म्हणाल्या, "मग चौथी बी बसली असती."