ऑक्टोबरची ओळ

मंगरूळपीरच्या ज्या मसाला कारखान्यात मी काम करतो, तिथे माझ्या वाट्याला मिरची येत नाही, गिऱ्हाइकं येतात. कोण कुठल्या महिन्यात पहिल्यांदा आलं, कुठल्या वाटेने आलं आणि पुन्हा कधी आलं, हे मी मोबाईल नंबरांवरून लावतो. एका महिन्यात नव्याने आलेल्यांची एक ओळ. पुढचे रकाने म्हणजे त्यानंतरचा पहिला महिना, दुसरा, तिसरा. त्या ओळीतल्या शंभरांतले किती जण त्या महिन्यात परतले, ते रकान्यात. वाटा दोन: मोबाईलवरची जाहिरात आणि मानोऱ्याच्या आठवडी बाजारातला आमचा ठेला. दोन्हींचे तक्ते वेगळे. नुसती गर्दी बघून वाट चांगली ठरत नाही, माणूस परत आला पाहिजे, हे मी शेठना इतक्यांदा ऐकवलं होतं की मला गप्प करायला ते चहा मागवायचे.

ठेल्यावर एक मावशी बसायची, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. चिमूटभर हळद गिऱ्हाइकाच्या तळहातावर घासून दाखवायची आणि पुडा देताना नंबर लिहून घ्यायची. तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचा. यंदा ठेला मिळाल्यामुळे ती मात्र मागे राहिली होती, पोरगी बारावीला होती म्हणून. हे सगळं मला माहीत होतं.

जानेवारी सरता सरता शेठ म्हणाले, दोन्ही वाटा झेपत नाहीत, एक बंद कर, कुठली ते तुझा तक्ता सांगेल. मी पहिले तीन रकाने धरले. ऑक्टोबरच्या दोन्ही ओळींचे तेवढे पुरते भरलेले होते, म्हणजे दोन्हींना सारखाच वेळ मिळाला, असा माझा हिशेब. जाहिरातीच्या ओळीत लोक बऱ्यापैकी परतले होते. ठेल्याच्या ओळीत जेमतेम दोन-चार जण. मी ठेल्यावर काट मारली आणि आपण फार न्यायाने वागलो, अशा तोऱ्यात घरी जेवलो.

मावशीला सांगायलाही मीच गेलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, मानसंच गावात नाईत. हळद कोन घेईन?"

आकडे खोटं बोलत नाहीत, असं मी तिला सुनावलं. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी मानोऱ्याचाच आहे. दिवाळीनंतर तांड्यावर दारोदार कुलपं लागताना आणि माझ्या वर्गातले बाक रिकामे होताना बघत वाढलो. तक्ता करताना हे एकदाही डोक्यात आलं नाही, आणि मावशीने तोंडावर सांगितलं तेव्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मे महिन्यात नेहमीसारखा तक्ता अद्ययावत केला. ठेला बंद होता, तरी पुड्यावर छापलेल्या नंबरावर मागणी येत होती, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्या वाटेने आलं त्याच वाटेत कायम मोजलं जातं. ठेल्याची ऑक्टोबरची ओळ सहाव्या रकान्यात, म्हणजे ऊसतोडीवाले गावी परततात त्या एप्रिलात, उठली होती, सातव्यात तर निम्म्याहून जास्त माणसं परत आली होती. जाहिरातीची ओळ चौथ्यापासून आटली होती. ती मंडळी दुसऱ्या खरेदीवरच्या सवलतीपुरती आली होती, सवलत संपली तशी गेली.

काही चुकलं तर नाही ना, म्हणून मी सातव्या रकान्यातले नंबर उघडले. त्यात एक नंबर मला पाठ होता. ठेल्यावर बसायचं तर आधी घरी खाऊन बघावं, म्हणून मावशीने ऑक्टोबरात पहिला पुडा स्वतः विकत घेतला होता. त्या दोन-चार जणांत ती होती. जानेवारीपर्यंत दर महिन्याला तिची खरेदी होती. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल कोरे. मेमध्ये पुन्हा एक पुडा. ती कुठे गेली होती, ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.

शेठना तक्ता दाखवला. ते ठेला पुन्हा लावायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. मावशीने खाट टाकली, चहा दिला. तिच्या हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे अजून होते. पोरगी चुलीपाशी भाकरी थापत होती. माझं चुकलं, असं मी सरळ सांगितलं आणि मग धीर करून पोरीच्या परीक्षेचं विचारलं.

"तिले एकटी कोनापाशी ठेवू?" मावशी म्हणाली. "संगच नेली."

ठेल्यावर पुन्हा याल का, हे मी चहा संपवून विचारलं. ती लगेच हो म्हणाली. मी उठलो तेव्हा दारापर्यंत आली.

"फक्त या खेपी मोजान तं घाई नका करजा, भाऊ," ती म्हणाली. "आमी वापस येईस्तोर थांबजा."

पोरीने भाकरी उलटली. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.