दुपट्यासकट वजन

बाळ-बाळंतिणीला घरी सोडायच्या दिवशी आमच्या वॉर्डात लग्नघरासारखी घाई असते, आणि घाईचा मला पहिल्यापासून तिटकारा. नागपुरातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी सिस्टर आहे. घरी निघालेल्या बाळाचं कार्ड भरणं माझ्याकडे. प्रसूतीच्या नोंदींवरून जन्मवजन, दूध, लसी उतरवून घ्यायच्या, खाली धोक्याच्या खुणा लिहायच्या आणि त्या घरच्यांना वाचून दाखवायच्या. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष खाली उभ्या गाडीकडे असतं. भिंतीला सांगितलेलं बरं!

गेल्या हिवाळ्यात लकडगंजच्या एका घरची सून होती. पहिलटकरीण, झालेला मुलगा, आज तिसरा दिवस. गाडीला फुगे बांधून झाले होते. सासूबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्याच राहिल्या.

"झालं का जी, सिस्टर? आमी कधीचे थांबून रायलो."

मी मान वर केली नाही. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन जन्मल्याबरोबर दिलेलं. पोलिओचे थेंब, बीसीजी, काविळीची लस पहिल्याच दिवशी. पुढच्या लसी दीड महिन्याने. लघवीच्या रकान्यात कालपासून काहीच नव्हतं. मला ते आवडलं नाही, पण अशा नोंदी राहून जातात. दुधापुढे रात्रपाळीच्या सिस्टरने 'व्यवस्थित' असं लिहिलं होतं. आमच्याकडे हा शब्द हाताला इतका सवयीचा की न बघताही लिहिला जातो.

"लेकरू लय शांत हाय," सासूबाई म्हणाल्या. "रडतच नाही. दुसऱ्याईचे लेकरं पाहा, सारा वॉर्ड डोक्यावर घेते."

त्या कौतुकाने सांगत होत्या आणि माझा हात त्याच क्षणी 'बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल' हे लिहीत होता.

मी वजन पुन्हा पाहिलं. जन्माच्या वेळी दोन किलो नऊशे. आज सकाळी दोन किलो आठशे नव्वद. अंगावर पिणारं मूल पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, आणि पहिलटकरणीला दूध उतरायलाही वेळ लागतो. हे तर जवळजवळ होतं तिथेच होतं. इतकं छान वजन पाहून एरवी मी खूश झाले असते. त्या दिवशी मला ते खोटं वाटलं, आणि का ते लगेच कळलंही. थंडीत बाळाला उघडं करायला आमच्या हातांना होत नाही. जन्मल्यावर उघडं तोललं जातं, नंतर मात्र टोपी, स्वेटर, दुपटं, सगळ्यासकट काट्यावर. कपड्यांचं वजन वजा करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

"बाळाला द्या जरा, काट्यावर ठेवायचंय."

"आता कायले उघडं करता? सर्दी होईन त्याले! सकाळी तर झालं ना वजन!"

"होऊ दे सर्दी," मी ओरडलेच. त्यांनी तोंड वाकडं केलं.

हीटरजवळ कपडे काढले. लंगोट कोरडा, त्यावर लघवी आटल्याची खूण, विटकरी डाग. काट्यावर दोन किलो पाचशे चाळीस. दहाव्या हिश्श्याहून जास्त वजन तीन दिवसांत गेलं होतं. गार काट्यावर उघडं ठेवल्यावर कुठलंही मूल किंचाळतं. हे गप्प पडून राहिलं. तळव्याला टिचकी मारली. पाय जरासा हलला, डोळे मिटलेलेच. मी त्याला तसंच दुपट्यात गुंडाळून उचललं.

बालरोगतज्ज्ञ वरच होते. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, साखर फार खाली गेलेली. ओठ कोरडे, पोटापर्यंत पिवळं. "अर्धा तास आणखी गेला असता तर..." एवढंच बोलून ते बाळाला शिशुकक्षात घेऊन गेले. फुगे लावलेली गाडी खाली हॉर्न वाजवत होती. कुणीतरी तिला गप्प करायला धावलं.

बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बसलो. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं, आणि बऱ्याच वेळाने आतून रडणं आलं, घोगरं, चिडलेलं. सासूबाईंनी हात जोडले आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. मलाही आवरेना.

सून तशीच बसून होती. अंगावर घरी जायची नवी साडी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि रागावूनच विचारलं, "पीत नव्हता तर सांगायचं नाही का गं?"

"सांगतलं होतं मी. सारे म्हणे, शांत हाय, झोपू दे." ती दाराकडे बघत होती. "कालपासून मी त्याले उठवलंच नाही, ताई. मले भेव वाटे. हालवलं आन् उठलाच नाही तर?"